घरून काम: टेबल, खुर्ची, नेटचा बॅकअप आणि वाढीव वीज यांचा मासिक खर्च कसा काढायचा?

शेवंती

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून माझं काम कायमचं घरून होणार आहे. कंपनी एकदाच काही रक्कम देणार, त्यानंतरचा सगळा खर्च माझा. म्हणून ती रक्कम पुरेल का आणि दर महिन्याला माझ्या खिशातून किती जाईल, हे आधीच काढून ठेवायचं आहे.

किमती जागोजागी वेगळ्या असतात. त्यामुळे इथे रकमा न लिहिता माझ्या महिन्याच्या इंटरनेट बिलालाच माप धरते. टेबल १२ बिलं, म्हणजे बारा महिन्यांच्या इंटरनेटच्या पैशांत येतं, असं समजा. तुम्ही तुमचं बिल घालून आकडे बदलून घ्या.

माझा पहिला अंदाज असा: टेबल १२ बिलं, खुर्ची ५ बिलं, इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी मिळून २८ बिलं, आणि बॅकअपसाठी दुसरं ब्रॉडबँड, दरमहा १ बिल.

विजेसाठी वस्तूंवरचे आकडे वाचले. लॅपटॉपचा चार्जर ९० वॅट, स्क्रीन ४०, राउटरचा अ‍ॅडॉप्टर २४, टेबलावरचा दिवा ९ आणि पंखा ७०, मिळून २३३ वॅट. रोज आठ तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १७६ तास होतात, म्हणजे ४१ युनिट. माझ्या दराने एका इंटरनेट बिलात साधारण ७० युनिट वीज येते. एसी घरात आधीपासूनच आहे, म्हणून तो धरला नाही.

यात काय सुटलंय आणि काय उगाच धरलंय, ते सांगा.

मुक्काम_पोस्ट

शेवंती, टेबल-खुर्चीच्या आधी वीजजोडणीचं बघा. घरात ऑफिस काढलं की काही ठिकाणी व्यावसायिक मीटर घ्यावा लागतो, त्याचा दर वेगळा असतो. शिवाय पाटी लावायची आणि ग्राहक बसवायचे, तर सोसायटीची परवानगी लागते. माझ्या भावाने घरात हिशेबाचं काम सुरू केलं तेव्हा त्याला या दोन्ही गोष्टींपायी बरंच फिरावं लागलं होतं.

शेवंती

धन्यवाद, पण मी व्यवसाय काढत नाहीये. नोकरी तीच आहे, फक्त बसायची जागा बदलतेय. घरी कोणी ग्राहक येणार नाही.

सुतारपक्षी

तुमच्या यादीत टेबलाला १२ आणि खुर्चीला ५ बिलं आहेत. मी हे प्रमाण उलटं करेन. ऑफिस फर्निचरच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय. लोक सुंदर टेबल घेतात आणि उरलेल्या पैशांत खुर्ची बसवतात. टेबल म्हणजे एक सपाट फळी आणि चार पाय, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. खुर्ची मात्र रोज आठ तास तुमचं वजन झेलते.

खुर्चीची किंमत बघू नका, किंमत भागिले महिने बघा. ५ बिलांची खुर्ची रोजच्या आठ तासांच्या वापरात दीड-दोन वर्षांत फोम दबून पाटासारखी होते. १८ महिने धरले तर महिन्याला ०.२८ बिल पडतं. चांगली खुर्ची १४ बिलांची घेतली आणि ती सात वर्षं टिकली, तर महिन्याला ०.१७. म्हणजे महाग खुर्चीच स्वस्त पडते, शिवाय मधल्या काळातली पाठदुखी वाचते.

त्याहून बरा मार्ग म्हणजे बंद होणाऱ्या किंवा जागा बदलणाऱ्या ऑफिसांतून निघालेली वापरलेली खुर्ची. ती घेताना मी काय बघतो ते सांगतो. सीट पूर्ण वर घ्यायची आणि दहा मिनिटं बसून राहायचं. खुर्ची हळूहळू खाली येत असेल तर गॅस लिफ्ट गेलीय. ती बदलता येते, पण मग तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लावायचे. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं शिरायला हवीत. शिरत नसतील आणि सीट मागे-पुढे सरकत नसेल, तर ती खुर्ची तुमच्या मापाची नाही, कितीही नामांकित असली तरी. शेवटी उलटी करून खालचा पंचकोनी पाया बघायचा. प्लास्टिकच्या पायाला मध्यभागाजवळ बारीक तडा दिसला तर ती फुकटही नको. चाकांचा विचार करू नका, ती सहज मिळतात आणि बसवायला दोन मिनिटं लागतात.

टेबलाबद्दल एवढंच, की घरात एखादं भक्कम टेबल असेल तर नवीन घेऊ नका. खोली निदान ६० सेंटिमीटर हवी, मोठी स्क्रीन ठेवायची तर ७० बरी. उंची बहुतेक टेबलांची ७२ ते ७५ सेंटिमीटर असते आणि बुटक्या माणसाला ती जास्त होते. मग खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली पाट ठेवायचा. लॅपटॉपचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस यांवर ३ बिलं गेली तर ती १२ बिलांच्या टेबलापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

रानवारा

खुर्चीबद्दल सहमत. पण तो इन्व्हर्टर कशाला? लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. दिवे गेले की फक्त राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, ४ बिलांच्या आसपास. राउटर आणि त्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या मध्ये जोडायचा, झालं.

८८०० एमएएचचा घ्या. १२ व्होल्टने गुणलं की १०५ वॅट-अवर होतात. राउटर आणि फायबरची डबी मिळून १५ वॅट खात असतील तर सात तासांची निश्चिंती. २८ बिलं घालायची गरजच नाही.

लोलक

रानवारा, मार्ग योग्य आहे, गुणाकार चुकलाय. ८८०० एमएएच हा आकडा आतल्या लिथियम सेलचा असतो आणि सेलचा व्होल्टेज ३.७ असतो, १२ नाही. म्हणजे साठा ३२ वॅट-अवरच्या जरा वर. तो १२ व्होल्टपर्यंत चढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, हातात २७-२८ उरतात. १५ वॅटला पावणेदोन तास. तेही डबा नवा असताना, दोन-तीन वर्षांनी त्यातलंही कमी होतं. विकत घेताना एमएएच बघूच नका, मागच्या लेबलवर Wh किती लिहिलंय ते बघा. ते लिहिलेलंच नसेल तर मी असा डबा घेत नाही.

आणखी एक. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेला व्होल्टेज आणि यूपीएसचा व्होल्टेज तंतोतंत जुळायला हवा. अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर चालतं, कमी असले तर राउटर मधूनच रीस्टार्ट होत राहतो आणि लोक नेट कंपनीला दोष देत बसतात. पिनही बघा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिना असतात, आतलं भोक एकीचं २.१ मिलिमीटर आणि दुसरीचं २.५. चुकीची बसली तर सैल राहते आणि धक्का लागला की नेट जातं.

आता शेवंतींच्या विजेबद्दल. ९० वॅट ही चार्जरची कमाल ताकद आहे, लॅपटॉपचा वापर नाही. मेल, कागदपत्रं, व्हिडिओ कॉल असलं काम करताना लॅपटॉप त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खातो. स्क्रीनचंही तसंच. राउटर तर तुम्ही ऑफिसला जात होतात तेव्हाही दिवसभर चालूच असणार, मग तो वाढीव विजेत कसा?

अंदाज करत बसू नका, मोजा. घरातल्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने भागा आणि मग सेकंदांनी. फ्रीज, पंप, गीझर, सगळं थोडा वेळ बंद ठेवा. आधी नुसता राउटर चालू असताना मोजा, मग कामाच्या वस्तू चालू करून मोजा. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, दहांचा वेळ घेऊन दहाने भागा. आणि लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरलेली असू द्या, नाहीतर कामाबरोबर चार्जिंगही मोजलं जाईल.

रानवारा

३.७ चा मुद्दा मान्य. पण माझा डबा चार तास चालतो, हे मी स्वतः बघितलंय. त्याचं काय?

लोलक

तुमच्याकडे राउटर आणि फायबरची डबी एकाच यंत्रात असेल, किंवा यंत्र ७ वॅटच खात असेल. काही डब्यांत सेलही जास्त असतात. तुमचे चार तास खरेच असणार. फक्त ते शेवंतींच्या १५ वॅटना लागू होतील असं नाही.

आठवडी

इतका वेळ सगळे घरातल्या विजेवर बोलताय. माझा अनुभव असा, की राउटर चालू राहिला तरी नेट राहीलच असं नाही.

आमच्याकडे भिंतीतून साधी जाड नेटवर्क केबल येते, फायबर नाही. ती जिन्यातल्या पेटीतल्या स्विचला जोडलेली आहे आणि त्या पेटीला बॅकअप नाही. इमारतीचे दिवे गेले की पेटी मरते. माझा यूपीएस राउटरला जिवंत ठेवतो, वायफायचे सगळे दांडे पूर्ण दिसतात आणि नेट शून्य. यूपीएसचे पैसे वाया गेले असंच म्हणायला हवं. पेटीतला यूपीएस जाऊन बरेच महिने झालेत, नेटवाल्याला कितीदा सांगितलं, अजून बसवत नाही.

मग मी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. ती फायबर आहे, तिला बॅकअप मिळतो. पण दोन्ही वायरी त्याच खांबावरून येतात. रस्त्याच्या कामात खांब हलला तेव्हा दोन्ही एकदमच गेल्या. त्यामुळे दुसऱ्या ब्रॉडबँडला दरमहा एक बिल घालण्याआधी शेवंतीताईंनी खाली उतरून वायर कुठून येते ते डोळ्यांनी बघावं.

लोलक

आठवडी यांनी नेमकी गोष्ट सांगितली. फायबरवाल्यांना हे घरबसल्या ओळखता येतं. दिवे गेलेले असताना राउटर आणि डबी बॅटरीवर चालवा आणि डबीवरचे दिवे बघा. `PON` हिरवा स्थिर असेल तर समोरच्या टोकाला वीज आहे. `LOS` लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाहीये, एकतर तार तुटलीय किंवा समोरचं यंत्र बंद आहे. `PON` ठीक असून नेट नसेल तर गडबड त्याच्याही पुढे आहे आणि तिथे तुमच्या घरातला कोणताही बॅकअप उपयोगाचा नाही.

दुसरी लाइन घ्यायचीच तर रस्ता वेगळा हवा. बहुतेकांसाठी तो म्हणजे दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम, छोट्या डेटा पॅकचं. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी जातो, नुसत्या आवाजाला शंभर एमबीच्याही आत. तेव्हा बॅकअपवर असताना कॅमेरा बंद ठेवला तर छोटा पॅक महिनाभर पुरतो. एक अडचण मात्र आहे: परिसराचेच दिवे गेले की सगळी वस्ती एकदम मोबाइल डेटावर येते आणि टॉवर तुंबतो. म्हणून सिमची चाचणी दिवे गेलेले असतानाच करा, इतर वेळचा वेग बघून निर्णय घेऊ नका.

मुक्काम_पोस्ट

माझा मुलगा रात्रपाळीत घरून काम करतो. त्याला मोबाइलवर रात्री उत्तम वेग मिळतो, दिवे गेले तरी. मग टॉवर तुंबतो हे कसं?

लोलक

रात्री दोनला वस्ती झोपलेली असते, त्यामुळे तुंबत नाही. सकाळी अकराच्या मीटिंगला तेच सिम कसं चालतं ते बघा.

शेवंती

मोजून आले. मीटरवर ३२०० च छापलंय. नुसता राउटर आणि डबी चालू असताना दोन लुकलुकींत ७५ सेकंद, म्हणजे १५ वॅट. लॅपटॉप, स्क्रीन आणि दिवा लावल्यावर १६ सेकंद, म्हणजे ७० वॅट. दोघांतला फरक ५५ वॅट. मी लेबलं वाचून याच तीन वस्तूंचे १३९ धरले होते. पंख्याचे ७० मिळवून १२५ वॅट, १७६ तासांचे २२ युनिट.

काल दुपारी दिवे गेले तेव्हा राउटर पॉवरबँकेच्या १२ व्होल्टच्या केबलवर आणि डबी शेजाऱ्यांच्या यूपीएसवर लावून बघितली. `PON` शेवटपर्यंत स्थिर होता आणि नेट चाललं. तेव्हा डीसी यूपीएस कामाचा आहे. लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरची आहे, बाहेरची स्क्रीन बंद ठेवली तर ती पावणेदोन तास जाते. यूपीएसही तेवढाच. आमच्याकडे दिवे तासाभरात येतात, म्हणून इन्व्हर्टर यादीतून काढला.

लोलक

चांगलं केलंत. आणखी एक कारण सांगतो, ते सहसा कोणी धरत नाही. मोठा इन्व्हर्टर दिवे असतानाही बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी वीज घेत असतो. १५ वॅट धरले तरी चोवीस तास, तीस दिवसांचे ११ युनिट होतात. तुमचा लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून महिन्याला आठ युनिटच्या आसपास घेतात. म्हणजे बॅकअप नुसता उभा राहून कामापेक्षा जास्त वीज खातो. ज्यांच्याकडे दोन-चार तास दिवे जातात त्यांना तो लागणारच, पण त्यांनी हे ११ युनिट मासिक खर्चात धरावेत. शिवाय बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिची किंमतही महिन्यांत वाटून घालावी.

दोनदा_मोजा

शेवंतीताई, सगळं ठीक आहे, पण एसी कुठे गेला? तो आधीपासून आहे हे खरं, पण तुम्ही ऑफिसला असायचात तेव्हा दुपारी घरात तो चालायचा का? चालत नसेल तर दुपारचे ते तास वाढीव आहेत. इन्व्हर्टर एसी एकदा खोली गार झाली की सरासरी ७०० वॅट घेतो असं धरू. दिवसाचे पाच तास आणि २२ दिवस, ७७ युनिट. तुमच्या सगळ्या टेबलाची वीज २२ युनिट आहे. चार्जर ९० की ३० यावर इतकी चर्चा झाली आणि साडेतीनपट मोठी गोष्ट बाहेरच राहिली.

आणि दर सरासरी धरू नका. जिथे वापर वाढला की युनिटचा दर वाढतो, तिथे हे जादा युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात. बिल भागिले एकूण युनिट केलं तर खर्च कमी दिसतो. उन्हाळ्यातलं बिल काढून शेवटच्या टप्प्याचा दर घ्या.

सुतारपक्षी

एसी सगळा कामाच्या माथी मारणं मला पटत नाही. घरात मुलं किंवा वडीलधारे असतील तर गारवा त्यांनाही मिळतोच. माझ्या मते अर्धा धरावा.

दोनदा_मोजा

ते असले तरी शेवंती घरी नसताना एसी लागत नव्हता, हे महत्त्वाचं. जो खर्च कामामुळे सुरू झाला तो कामाचा. बाकीच्यांना फायदा झाला तर छानच, पण म्हणून बिल कमी येत नाही.

शेवंती

दुपारी सासूबाई घरी असतात. त्या एसी लावत नाहीत, पंख्यावर त्यांचं भागतं. आता मी बसते त्याच खोलीत त्याही येऊन बसतात. दोघांचंही म्हणणं मला पटतंय, म्हणून मी दोन ओळी ठेवल्या आहेत.

वरच्या टप्प्याचा दरही तपासला. ७० युनिटला एक बिल हा आकडा त्याच दराचा आहे, तेव्हा तो बदलत नाही.

नवा हिशेब असा. टेबल घरातलंच. स्टँड, कीबोर्ड आणि माउस ३ बिलं, पाच वर्षं धरली तर महिन्याला ०.०५. वापरलेली चांगली खुर्ची ९ बिलांना बघून आले, सहा वर्षं धरली तर ०.१३. डीसी यूपीएस ४ बिलं, अडीच वर्षं, ०.१३. दुसरं सिम ०.३. पंख्यासकट वीज २२ युनिट, ०.३१. एकूण महिन्याला एका इंटरनेट बिलापेक्षा थोडं कमी. उन्हाळ्यात एसी पूर्ण धरला तर त्यात १.१ ची भर, म्हणजे दोन बिलं, आणि अर्धा धरला तर दीड. सुरुवातीला एकरकमी १६ बिलं लागतात. पहिल्या यादीत ती ४५ होती.

सुतारपक्षीदादा, त्या खुर्चीवर दहा मिनिटं बसले, खाली आली नाही. पण हात ठेवायचे दांडे सगळ्यात खाली घेतले तरी टेबलाच्या कडेला अडतात. सोडून द्यावी का?

सुतारपक्षी

नका सोडू. बहुतेक खुर्च्यांचे दांडे सीटखालच्या दोन-तीन स्क्रूंवर असतात, ते काढून टाकता येतात. फक्त आधी उलटी करून बघा. दांडे आणि पाठ एकाच सांगाड्यात असतील तर ते निघणार नाहीत, मग दुसरी शोधा. आणि दांडे काढलेत तर कोपर टेकायला टेबलाची कड लागते, तेव्हा कीबोर्ड कडेपासून एक वीत आत ठेवा.

आठवडी

शेवंतीताई, कंपनीच्या एकरकमी पैशांतून घेतलेल्या वस्तू नोकरी सोडताना परत द्याव्या लागतात का, ते पत्रात लिहिलंय का? आमच्याकडे खुर्ची परत मागितली, यूपीएस मागितला नाही. परत द्यायची असेल तर खुर्चीचे सहा वर्षं धरून काढलेले आकडे बदलतील.

शेवंती

पत्रात फक्त "कामाच्या साधनांसाठी" एवढंच आहे. उद्या एचआरला लेखी विचारते आणि उत्तर आलं की इथे लिहिते.